छाती ४०, पण कुणाची?

दादरमधल्या ज्या कुर्त्यांच्या दुकानासाठी मी ऑनलाइन विक्रीचा मजकूर लिहिते, तिथे दिवाळी संपली की पोटमाळ्याचा एक कोपरा परत आलेल्या पार्सलांनी भरतो. प्रत्येक पार्सलवर परतीचं कारण छापलेलं असतं. काहींवर ‘कापड फोटोसारखं नाही’ असतं आणि बाकी बहुतेकांवर ‘साइज बसला नाही’. पहिल्या वर्षी मला वाटलं, लोक स्वतःचं माप नीट घेत नाहीत. मग नाशिकहून एका गृहस्थांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, कोड्यात पडल्याचा सूर होता. ‘‘ताई, माझी छाती चाळीस. तुम्ही लिहिलंय छाती चाळीस. मग बटणं लावल्यावर मला श्वास का घेता येत नाही?’’

मी तोच कुर्ता कपाटातून काढला, टेबलावर पसरला, बटणं लावली आणि टेप लावला. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत २० इंच भरले, म्हणजे घेर ४०. तक्त्यातला आकडा बरोबरच होता, फक्त तो कापडाचा होता. गृहस्थांनी तो अंगाचा समजून वाचला होता. चाळीस इंची छातीवर चाळीस इंची कापड म्हणजे उशीवर शिवलेला अभ्रा. उशीला श्वास घ्यायचा नसतो, म्हणून तिला चालतं.

पुरुषांच्या कुर्त्या-शेरवानीच्या विक्रीत सगळ्यात जास्त घोटाळा याच एका आकड्याचा होतो. अंगाची छाती वेगळी आणि कपड्याची छाती वेगळी. मधल्या फरकाला आमचे मास्तर ‘लूजिंग’ म्हणतात. साध्या सुती कुर्त्याला ते चार इंच ठेवतात. अंगाची छाती ४० असेल तर कपडा ४४ चा, म्हणजे टेबलावर सपाट ठेवून काखेखाली मोजला तर २२ इंच. दुकानात गिऱ्हाईक समोर उभं असताना हे कुणी बोलून दाखवत नाही. सेल्समन नजरेनेच ‘तुम्हाला बेचाळीस लागेल’ म्हणतो, कुर्ता अंगाला लावून बघतो आणि विषय संपतो. ऑनलाइन त्या नजरेची जागा चार ओळींच्या मजकुराने घ्यायची असते.

आमच्याकडे गंमत अशी होती, की माल दोन ठिकाणांहून यायचा. एक कारखानदार ४० चं लेबल लावायचा ते अंगाच्या मापाचं आणि आत कपडा द्यायचा ४४ चा. दुसरा लेबलवर थेट कपड्याचंच माप टाकायचा. दोघंही आपापल्या जागी खरे होते. दुकानाच्या यादीत मात्र दोन्ही कुर्ते एकाच तक्त्याखाली ‘छाती ४०’ म्हणून बसले होते आणि त्यांच्यात चार इंचांचं अंतर होतं. ‘एल’ आणि ‘एक्सएल’चं तर विचारूच नका, त्या अक्षरांना इंचच नाहीत. आपल्याकडे तयार कपड्यांचे तक्ते बरेचसे परदेशी मापांवरून आलेले आहेत. भारतीय अंगाचे स्वतःचे तक्ते हवेत म्हणून निफ्ट या संस्थेने देशातल्या सहा शहरांत २५ हजारांहून अधिक लोकांची मापं स्कॅनरने घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. पण ते तक्ते कारखान्याच्या कटिंग टेबलापर्यंत पोचोत वा न पोचोत, लिहिणाऱ्याला आजच्या आज करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे. ‘तुमची छाती ३९ ते ४० असेल तर हा साइज घ्या, कुर्त्याची छाती ४४ आहे.’ या एका वाक्यानंतर तसले फोन आमच्याकडे बरेच कमी झाले.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण आपल्या बाराबंदीला बटणंच नव्हती. बंद बांधायचे. जेवण जास्त झालं तर बंद थोडे सैल. बटण आणि काजं आली तेव्हा कपड्याला ठाम मत आलं.

छातीनंतर पोट. पुरुषांच्या कपड्यांच्या यादीत पोटाचं माप जवळजवळ कुणीच देत नाही, आणि पस्तिशीनंतरच्या गिऱ्हाइकाला नेमकं तेच लागतं. सरळ कटाच्या कुर्त्यात फारसं अडत नाही, कारण तो खाली मोकळाच असतो. अडतं ते जाकिटात. बिनबाह्यांच्या बंद गळ्याच्या जाकिटाला कमरेपाशी थोडी आत घेतलेली शिवण असते. फोटोत मॉडेल त्यामुळेच रुबाबदार दिसतो. (बऱ्याचदा पाठीमागे कपड्याला चिमटेही लावलेले असतात, ते फोटोत येत नाहीत.) छातीला ४३ असलेलं जाकीट पोटावर साडेएकेचाळीस भरतं. चाळीस इंची छाती आणि बेचाळीस इंची पोट असलेल्या माणसाने ते घातलं, की वरची तीन बटणं सुखाने लागतात आणि खालची दोन एकमेकांकडे लांबून बघत राहतात. शिवाय आत कुर्ता असतो. त्याचं चार इंचांचं लूजिंग जाकिटाखाली चुरगळून बसतं आणि त्यालाही जागा लागते. म्हणून जाकीट मोजायचं ते सगळी बटणं लावून, काखेखाली एकदा आणि शेवटून दुसऱ्या बटणापाशी एकदा, आणि दोन्ही आकडे द्यायचे.

लांबीचं प्रकरण वरवर सोपं दिसतं. ‘गुडघ्यापर्यंत’ असं लिहिलं की काम झालं असं वाटतं. पण कुणाच्या गुडघ्यापर्यंत? मास्तरांनी एकदा दुकानातल्याच तीन मुलांना ओळीत उभं केलं आणि मानेलगतच्या खांद्याच्या टोकापासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत टेप सोडला. पाच फूट चार इंचवाल्याचे ३५ इंच भरले, पाच-आठवाल्याचे साधारण साडेसदतीस आणि सहा फुट्याचे ४०. आमचा कुर्ता ४० इंची. म्हणजे सहा फुटी मॉडेलवर तो बरोब्बर गुडघ्यावर थांबतो आणि पाच-चारवाल्याच्या पोटरीवर येतो. तो माणूस फोटो बघून मागवतो आणि त्याला मिळतो आजोबांचा सदरा. त्यामुळे ‘गुडघ्यापर्यंत’ हा शब्द मी आता वापरत नाही. लांबी इंचात लिहायची, ती कुठून कुठपर्यंत मोजली ते लिहायचं आणि मॉडेलची उंची लिहायची. कुठून मोजली हे सांगणं गरजेचं आहे, कारण काही जण पाठीमागे कॉलरच्या शिवणीपासून मोजतात आणि काही पुढून खांद्याच्या टोकापासून. एकाच कुर्त्यात या दोन रीतींनी इंचभर तरी फरक पडतो. शेरवानीत तो डोळ्यांत भरतो. पोट असलं तर पुढची बाजू आणखी वर उचलली जाते, हे लिहायला जागा नसते, पण फोनवर मी आवर्जून सांगते.

घरात टेप नसला तरी हरकत नाही. गिऱ्हाइकाला सगळ्यात सोपं जातं ते म्हणजे स्वतःचा अंगाला नीट बसणारा एक जुना कुर्ता पलंगावर पसरून लहान मुलांच्या फूटपट्टीने मोजणं. तो आकडा आमच्या आकड्याशी ताडून पाहिला, की अंगाच्या मापाची भानगडच उरत नाही.

आता कापड. ज्या वाइन रंगाच्या जाकिटावरून आमच्या दुकानात खरा वाद झाला, त्याची गोष्ट सांगते. जुन्या यादीत त्याचं वर्णन होतं ‘प्रीमियम सिल्क ब्लेंड जॅकार्ड’. एका गिऱ्हाइकाने विचारलं, सिल्क किती टक्के? मी शेठना विचारलं, शेठनी व्यापाऱ्याला फोन लावला, व्यापारी म्हणाला, ‘‘सिल्कच आहे हो, आर्ट सिल्क.’’ या ‘आर्ट’मध्ये कला नाही, तो ‘आर्टिफिशियल’चा तुकडा आहे. आर्ट सिल्क म्हणजे रेशमासारखी चमक असलेला कृत्रिम धागा, बहुधा व्हिस्कोस किंवा पॉलिएस्टर. त्यात रेशमाचा किडा कुठेच आलेला नसतो.

मास्तरांनी शिवणीच्या आतून कापडाची चिंधी काढली आणि उभा धागा वेगळा व आडवा धागा वेगळा सोडवला. हे वेगळं करणं महत्त्वाचं असतं, कारण ताणा एका जातीचा आणि बाणा दुसऱ्या जातीचा अशी कापडं पुष्कळ असतात. छत्रपती संभाजीनगरच्या हिमरूत, ज्याच्या शेरवान्या एकेकाळी निजामाच्या दरबारात मिरवल्या, सुती ताण्यावर रेशमी बाणा चालतो. तिथे ‘कॉटन सिल्क’ हे शब्द खरे ठरतात. आमच्या जाकिटाचा उभा धागा चिमट्यात धरून काडीने पेटवला तर तो आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. ते पॉलिएस्टर. आडवा धागा कागदासारखा भुर्रकन जळला, वासही जळक्या कागदाचा आला आणि मऊ राख उरली. ते व्हिस्कोस. रेशीम असतं तर केस जळल्याचा वास आला असता, आग हटवल्यावर धागा बहुधा स्वतःच विझला असता आणि राख बोटात चुरली असती.

या परीक्षेला मर्यादा आहेत. व्हिस्कोस आणि सूत दोन्ही सारखंच जळतं, त्यामुळे काडीने त्यांच्यातला फरक कळत नाही. एकाच धाग्यात दोन जाती पिळलेल्या असतील तर वासांची खिचडी होते. आणि टक्के तर काडी कधीच सांगत नाही. कापडातलं प्रमाण वजनावर मोजतात. प्रयोगशाळेत तीव्र गंधकाम्लात सूत किंवा व्हिस्कोस विरघळवतात, उरलेलं पॉलिएस्टर धुऊन, वाळवून तोलतात आणि वजाबाकी करतात. मुंबईत प्रभादेवीला टेक्स्टाइल्स कमिटीची आणि घाटकोपरला बीटीआरएची प्रयोगशाळा आहे. प्रत्येक रंगासाठी कुणी तिथे जात नाही, पण मोठा लॉट घेताना एक तुकडा पाठवणं परवडतं. निदान व्यापाऱ्याकडून प्रमाण बिलावर लिहून घेता येतं. आमच्या व्यापाऱ्याने कुरकुरत लिहून दिलं: पॉलिएस्टर ५५ टक्के, व्हिस्कोस ४५ टक्के. शुद्ध रेशमाचा माल असेल तर त्यावर केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ साली सुरू झालेलं सिल्क मार्कचं लेबल मागता येतं.

मी यादीत तेच लिहायचं म्हटल्यावर शेठ बिथरले. ‘‘पॉलिएस्टर लिहिलंस तर कोण घेईल?’’ त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. पॉलिएस्टर या शब्दाचं नाव खराब आहे, शाळेच्या युनिफॉर्मपासूनचं. पण जाकिटाला पॉलिएस्टर असण्यात काही वाईट नसतं. ते चुरगळत नाही, रंग धरून ठेवतं, प्रवासात बॅगेतून काढून तसंच घालता येतं. हे गुण सांगून तो शब्द लिहिता येतो. शिवाय कायद्याचाही मुद्दा आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील तर विक्रेत्याला माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. ‘सिल्क’ हे दोन अक्षरी औदार्य दोन्ही बाजूंच्या कुरिअरच्या खर्चाने फिटतं. हे ऐकल्यावर शेठ जरा शांत झाले.

अस्तराबद्दल यादीत बहुधा एकच शब्द असतो: ‘आहे’. कुठे आहे, कुठपर्यंत आहे, कशाचं आहे, याचा पत्ता नसतो. खरं तर उकाड्यात कपडा सोसेल की नाही, ते वरच्या कापडाइतकंच अस्तर ठरवतं. वरून सुंदर सुती कापड आणि आतून चकचकीत पॉलिएस्टरचं टफेटा असलं, तर घाम आत कोंडून राहतो. मग लेबलवरचं ‘कॉटन’ फक्त पाहुण्यांसाठी. उलट बाही असलेल्या बंदगळ्याला किंवा शेरवानीला बाहीच्या आत सुती अस्तर लावलं तर ते आतल्या कुर्त्याची बाही पकडून ठेवतं आणि हात घालताना ती कोपराशी गोळा होते. म्हणून जाणकार शिंपी धडाला सुती आणि बाहीला गुळगुळीत अस्तर लावतो. असं असेल तर ते तसंच लिहावं. वाचणाऱ्याला त्यातून शिवणाऱ्याची समज दिसते.

अस्तराचा दुसरा धोका धुतल्यावर कळतो. एकदा आम्ही पांढऱ्या पातळ कुर्त्यांचा लॉट घेतला. आतलं बनियन दिसू नये म्हणून त्यांना पूर्ण लांबीचं सुती अस्तर होतं. मजकूर मीच लिहिला होता: ‘घरी धुता येईल.’ पहिल्याच धुण्यानंतर कुर्त्यांच्या खालच्या कडेला चुण्या पडल्या, जणू कुणी आतून दोरी ओढली होती. वरचं कापड आटलं नव्हतं, अस्तर आटलं होतं. न आटवलेलं सुती कापड शंभराला चारने आटलं तरी ४० इंचांच्या अस्तराला दीड इंचाहून जास्त कात्री लागते. कटिंगच्या आधी अस्तर रात्रभर पाण्यात भिजवून वाळवलं असतं तर हे टळलं असतं. तेव्हापासून मी कुर्ता हातात आल्यावर खालची कड उलटून बघते. अस्तर कडेला सगळीकडून शिवून बंद केलं आहे की सुटं सोडलं आहे? सुटं असेल तर थोडं आटलं तरी वरच्या कापडाला ओढत नाही. आणि अस्तर आधी आटवलं होतं का हे कारखानदाराला विचारल्याशिवाय ‘घरी धुता येईल’ असं लिहीत नाही.

शेवटी प्रसंग. विक्रीच्या पानावर यासाठी एक रकाना असतो आणि त्यात निवडायला ठरलेले शब्द असतात: सण, लग्न, पार्टी. हे शब्द निवडावे लागतात, नाहीतर शोधणाऱ्याला माल दिसत नाही. पण त्यातून गिऱ्हाइकाला काही कळत नाही. लग्न म्हणजे कुठलं? मे महिन्यातलं अकोल्याचं सकाळच्या मुहूर्ताचं, की डिसेंबरातलं नाशिकचं संध्याकाळचं रिसेप्शन? काळा कुर्ता संक्रांतीला मिरवून घातला जातो आणि तोच लग्नाच्या मुहूर्तावर पुष्कळ घरांत आजीच्या भुवया उंचावतो. म्हणून मी प्रसंगाचं नाव लिहिण्यापेक्षा त्या प्रसंगात माणूस काय करतो ते आठवते. सत्यनारायणाच्या पूजेला यजमान दीड-दोन तास मांडी घालून पाटावर बसतो. मांडी घातली की सीट पसरते. कुर्त्याचा बाजूचा कट फार खाली सुरू होत असेल तर कापड मांडीवर ताणलं जातं, आणि मग पूजेपेक्षा शिवणीकडे जास्त लक्ष. जाकीट बसल्यावर वर सरकतं आणि कॉलर हनुवटीला टेकते. हे कागदावर कळत नाही. आमचे मास्तर नवीन नमुना आला की तो घालून दुकानातच सतरंजीवर मांडी घालून बसतात आणि आम्ही बघतो. वाइन रंगाच्या जाकिटाचं शेवटचं बटण उघडं ठेवल्याशिवाय त्यांना वाकता आलं नाही, म्हणून ते मजकुरात आलं.

सगळं झाल्यावर त्या सेटचा मजकूर असा तयार झाला:

‘सुती कुर्ता आणि जॅकार्ड जाकीट, वाइन रंग. साइज ४०: तुमची छाती ३९ ते ४० आणि पोट ३९ पर्यंत असेल तर. कुर्ता: छाती ४४, खांद्याच्या टोकापासून लांबी ४०, बाही २५. जाकीट: छाती ४३, बटणं लावून पोटावर साडेएकेचाळीस, लांबी २८. फोटोतल्या मॉडेलची उंची सहा फूट. कुर्त्याचं कापड १०० टक्के सूत, अस्तर नाही, घरी धुता येईल. जाकिटाचं कापड पॉलिएस्टर ५५, व्हिस्कोस ४५ टक्के, चुरगळत नाही. आत पूर्ण पॉलिएस्टर अस्तर, ड्रायक्लीन करावं. संध्याकाळचे समारंभ, रिसेप्शन, थंडीतली लग्नं यांसाठी. भर उन्हाळ्यात नुसता कुर्ता घालावा. मांडी घालून बसताना जाकिटाचं शेवटचं बटण उघडं ठेवावं. होमाजवळ बसणाऱ्याने जाकीट काढून ठेवावं, ठिणगीने कापड वितळतं.’

शेठनी चष्मा लावून दोनदा वाचलं. टक्के राहू दिले, बटणाचंही राहू दिलं. होमाच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, ‘‘एवढं कशाला? लग्नाचा कपडा विकतोय आणि आगीची भीती घालतोय.’’ मी म्हटलं, नवरीचा भाऊ लाह्यांची परात धरून होमाशेजारीच उभा असतो, शेठ. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग ‘वितळतं’ खोडून त्यांनी स्वतःच्या हाताने ‘खराब होतं’ लिहिलं आणि कागद परत माझ्याकडे सरकवला.